विवेचक शून्यच आहे, तरी उष्णतेचे समीकरण उलट्या दिशेने का चालत नाही?

कुंभारवेस

मी स्थापत्य अभियंता आहे आणि गणिताचा औपचारिक अभ्यास पदवीपुरताच झालेला आहे, म्हणून प्रश्न सविस्तर मांडतो. गेल्या मे महिन्यात आमच्या सोलापुरातील एका घराच्या १२ सेंटिमीटर जाडीच्या आरसीसी स्लॅबमध्ये, वरून २, ४, ६, ८ आणि १० सेंटिमीटर खोलीवर मी पाच थर्मोकपल बसवले होते. शिवाय वरच्या आणि खालच्या पृष्ठावर एकेक वेगळा थर्मोकपल होता आणि त्या दोघांची नोंद बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात दिवसभर होत होती. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती, ती दुपारी चारला आली, त्यामुळे आतल्या पाचांची नोंद चारपासून पुढचीच मिळाली. मला मात्र दुपारी तीनचे आतले तापमान हवे आहे.

एका दिशेतील उष्णतावहनाचे समीकरण `u_t = α u_xx` असे आहे. काँक्रीटसाठी α हा सुमारे `7×10⁻⁷ m²/s` धरला. `A u_xx + B u_xt + C u_tt` या साच्यात A = α, B = 0, C = 0 येते, म्हणजे विवेचक `B² − 4AC` शून्य आणि समीकरण पॅराबोलिक. पॅराबोलिक समीकरणात एका क्षणाची स्थिती आणि दोन्ही कडांची तापमाने दिली की टप्प्याटप्प्याने काळात चालत जाता येते, असे शिकलो होतो. काळाची दिशा उलटी केली तर पदाचे चिन्ह बदलते, विवेचक तरीही शून्यच राहतो. म्हणून चार वाजल्यापासून एकेका मिनिटाने मागे येणारा आज्ञाक्रम लिहिला. त्यातली मुख्य ओळ अशी आहे:

```
v[i] = u[i] - r*(u[i+1] - 2*u[i] + u[i-1])
```

जाडीत १ सेंटिमीटरचे अंतर घेतले आणि मधल्या बिंदूंची तापमाने शेजारच्या दोन नोंदींवरून काढली. काही मिनिटे मागे जाताच आकडे डोलू लागतात आणि तीन वाजेपर्यंत त्यांना काहीच अर्थ उरत नाही. विवेचक दोन्ही दिशांना सारखाच असताना हे का घडावे?

जुळे_सोलापूर

दादा, ही नेहमीची अडचण आहे. अशा पद्धतीत `r = αΔt/Δx²` हा अर्ध्यापेक्षा जास्त झाला की उत्तर डोलू लागते. तुमच्या आकड्यांनुसार Δt साधारण ७१ सेकंदांच्या आत हवा. तुम्ही ६० सेकंद घेतले आहेत, म्हणजे अगदी काठावर आहात. टप्पा १० सेकंदांवर आणा, सुटेल.

बाकी वर्गीकरणाचे सूत्र सोपे आहे. विवेचक ऋण असेल तर समीकरणात काळ नसतो, सगळे स्थिर असते. शून्य असेल तर काळ असतो आणि उष्णता पसरते. धन असेल तर काळ असतो आणि लाटा धावतात. तुमच्याकडे काळ आहे, त्यामुळे टप्प्याटप्प्याने चालणे बरोबरच आहे.

कुंभारवेस

१० सेकंद करून पाहिले. आकडे आणखी मोठे आले. त्यानंतर अंतर अर्धा सेंटिमीटर करून पाहिले, तेव्हा तर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच सगळे उधळले.

सातरस्ता

मी महाविद्यालयात हा विषय बरीच वर्षे शिकवला, आता निवृत्त आहे. तुमच्या दुसऱ्या निरोपातील निरीक्षण अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण त्यावरूनच दोष पद्धतीत आहे की प्रश्नात आहे हे ओळखता येते. पद्धतीचा दोष असता तर टप्पा लहान केल्यावर तो कमी झाला असता. ७१ सेकंदांची मर्यादा खरी आहे, पण ती पुढे चालताना लागू पडते. तुम्ही मागे चालत आहात, आणि तिथे टप्पा जितका बारीक कराल तितक्या निष्ठेने तुमचा आज्ञाक्रम खऱ्या समीकरणाचे अनुकरण करतो, आणि ते खरे समीकरणच चुका फुगवणारे आहे. तुमच्या जाळीवर सर्वांत दाट चढउताराची चूक एका तासात किती पट होते ते मोजले, तर ६० सेकंदांच्या टप्प्याने सुमारे `10²⁵` पट आणि १० सेकंदांच्या टप्प्याने सुमारे `10³⁸` पट येते. संगणक पंधराव्या-सोळाव्या अंकाला जी पूर्णांकीकरणाची चूक करतो, तीसुद्धा एवढ्या गुणकापुढे टिकत नाही.

पण संगणक बाजूला ठेवून हाताने पाहू, म्हणजे कारण डोळ्यांसमोर येईल. तुमच्या दोन्ही पृष्ठांची तापमाने नोंदलेली आहेत. तेव्हा खरे तापमान आणि तुम्ही मोजलेले तापमान यांतील फरक दोन्ही कडांना शून्य धरता येतो. असा कोणताही फरक स्लॅबच्या जाडीत बसणाऱ्या कमानींमध्ये विभागता येतो: एका आकारात जाडीभर एकच कमान, दुसऱ्यात एक वर आणि एक खाली अशा दोन, तिसऱ्यात तीन, याप्रमाणे. n कमानींचा आकार काळाबरोबर `e^(−α(nπ/L)²t)` या गतीने विझतो. L = 0.12 मीटर घेतले की एका तासासाठी हा घातांक जवळजवळ `1.73 n²` येतो.

म्हणजे एका कमानीचा आकार तासाभरात साडेपाच-सहापट लहान होतो, दोन कमानींचा सुमारे हजारपट, आणि तीन कमानींचा सुमारे ५६ लाखपट. पुढे जाताना ही निसर्गाची कृपा आहे. मागे येताना मात्र हेच भागाकार गुणाकार होतात. तुमच्या थर्मोकपलची चूक अंशाचा केवळ शंभरावा भाग आहे असे उदारपणे मानू. त्या चुकीचा दोन कमानींचा भाग तीन वाजेपर्यंत १० अंश होतो आणि तीन कमानींचा भाग ५६ हजार अंश. पाच थर्मोकपलना तीन कमानी सहज दिसतात, त्यामुळे ती चूक तुमच्या नोंदीत असणारच.

ताणाबाणा

मी मध्येच बोलतो, क्षमा असावी. आमचे चादरीचे यंत्रमाग आहेत आणि ताण्याचे धागे तुटण्याचे प्रमाण कमी करण्यासाठी मी धाग्याच्या कंपनांकडे पाहत आहे. तिथले समीकरण `u_tt = c² u_xx` हे आहे. त्याचा विवेचक `4c²`, म्हणजे धन. वीस नंबरच्या सुती धाग्याचे वजन मीटरला सुमारे ०.०३ ग्रॅम भरते. ताण अर्धा न्यूटन धरला तर c सेकंदाला १३० मीटरच्या आसपास येतो. फणीचा ठोका बसल्यावर तो धक्का सव्वा मीटर मागे पोहोचायला एक शतांश सेकंद लागतो. माझा प्रश्न असा की ठोक्यांची गती बदलून धाग्याचे हे कंपन टाळता येईल का? स्लॅबसारखेच इथेही गणित फुगेल का?

सातरस्ता

ठोक्यांच्या गतीचा प्रश्न अनुनादाचा आहे. त्यासाठी वेगळी चर्चा सुरू करावी, कारण तो समीकरणाच्या प्रकारावर ठरत नाही. पण तुमचे उदाहरण या चर्चेत नेमके उपयोगी पडणारे आहे. धाग्याच्या समीकरणात t च्या जागी −t घातले तर समीकरण तसेच्या तसे राहते. एका क्षणी धाग्याचा आकार आणि प्रत्येक बिंदूचा वेग माहीत असेल, तर भूतकाळही भविष्याइतक्याच खात्रीने काढता येतो. धक्क्याला जो कोपरा असतो तो कोपरा म्हणूनच सरकत राहतो, उष्णतेसारखा तत्काळ गुळगुळीत होत नाही. शिवाय ठोका बसल्यापासून शतांश सेकंद होण्यापूर्वी मागच्या टोकाला त्याची काहीही वार्ता नसते. समीकरणाच्या ज्या दोन रेषासमूहांवरून ही वार्ता धावते, `x − ct` आणि `x + ct`, त्यांना कॅरॅक्टरिस्टिक म्हणतात, आणि विवेचकाचे चिन्ह मुळात या रेषा किती आहेत एवढेच मोजते. तो धन असेल तर दोन खरे समूह मिळतात, शून्य असेल तर एक, ऋण असेल तर एकही नाही.

उष्णतेच्या समीकरणात जो एकच समूह मिळतो तो `t = स्थिर` या रेषांचा असतो. याचा अर्थ असा की वार्ता त्याच क्षणी साऱ्या स्लॅबभर पोहोचते. प्रत्यक्ष स्लॅबमध्ये असे घडत नाही, पण दूरवर पोहोचणारा परिणाम इतका सूक्ष्म असतो की या जाडीत आणि या वेळेत समीकरणावर भरवसा ठेवण्यास हरकत नाही.

जुळे_सोलापूर

मॅडम, मागच्या निरोपातील माझी टप्प्याची सूचना चुकली हे मान्य. पण एक शंका राहते. खऱ्या धाग्यात घर्षणही असते, म्हणजे `u_tt + 2b u_t = c² u_xx`. इथेही काळाची दिशा उलटी केली की चिन्ह बदलते आणि विझणारे कंपन वाढणारे होते. मग मागे जाताना तिथेही ५६ हजार यायला हवेत.

सातरस्ता

वाढते, पण किती आणि कशी, हे पाहावे लागेल. घर्षण फार मोठे नसेल तर धाग्यात प्रत्येक कमानीचा आकार `e^(−bt)` याच एका गतीने विझतो, मग कमानी तीन असोत वा तीनशे. मागे जाताना सर्व चुका सारख्याच प्रमाणात वाढतात आणि नोंदी पुरेशा काळजीने घेतल्या तर चूक हवी तितकी आटोक्यात ठेवता येते. स्लॅबमध्ये वाढीचा घातांक `n²` बरोबर चढतो, त्यामुळे कितीही अचूक थर्मोकपल आणला तरी त्याच्या चुकीतला कोणता तरी दाट आकार तुमच्यावर मात करतोच. पहिल्या प्रश्नात श्रम वाढतात, दुसऱ्यात प्रश्नाचेच उत्तर मोजमापावर टिकत नाही. फ्रेंच गणिती जाक अदामार यांनी हीच सीमारेषा आखली. उत्तर असावे, एकच असावे, आणि दिलेल्या माहितीत किंचित बदल झाला तर उत्तरातही किंचितच बदल व्हावा, या तीन गोष्टी असतील तरच प्रश्न सुस्थित मानायचा. स्लॅबचा उलटा प्रश्न तिसऱ्या अटीवर अडतो.

आता या चर्चेच्या शीर्षकातील मूळ प्रश्नाकडे येते. निर्देशक बदलले, म्हणजे x आणि t यांच्या जागी दुसरे दोन चल घेतले, तर नवा विवेचक जुन्या विवेचकाला त्या बदलाच्या जेकोबियनच्या वर्गाने गुणून मिळतो. वर्ग धनच असतो, म्हणून चिन्ह बदलत नाही, आणि त्यामुळेच प्रकार ही समीकरणाची स्वतःची गोष्ट ठरते, आपण अक्ष कसे धरले याची नव्हे. पण काळ उलटा करणे हाही असाच एक बदल आहे. त्याचा जेकोबियन −1, आणि त्याचा वर्ग 1. ज्या गुणामुळे विवेचक विश्वासार्ह ठरतो, त्याच गुणामुळे त्याला काळाची दिशा दिसत नाही. उष्णतेच्या समीकरणात दिशा सांगणारे पद `u_t` हे पहिल्या क्रमाचे आहे आणि विवेचक तिकडे पाहतच नाही. फक्त `u_xx = 0` लिहिले तरी विवेचक शून्यच येतो, पण त्यात पसरणारे काहीच नाही. तेव्हा विवेचक शून्य आला की पहिल्या क्रमाची पदे आणि त्यांची चिन्हे वेगळी तपासावीत, ही सवय मी विद्यार्थ्यांना लावत असे.

एमएस्सी_२

बाई, आमच्या एका पुस्तकात `B² − AC` दिले आहे आणि दुसऱ्यात `B² − 4AC`. काल सरावात `u_xx + 3u_xy + 3u_yy = 0` हे मी हायपरबोलिक ठरवले आणि उत्तरसूचीत इलिप्टिक होते. सूची चुकली आहे का?

सातरस्ता

सूची बरोबर आहे. मधले पद `2B u_xy` असे लिहिले असेल तरच `B² − AC` वापरायचे. तुमच्या समीकरणात त्या लेखनानुसार B दीड आहे, तीन नाही. `9 − 12 = −3` किंवा `2.25 − 3 = −0.75`, दोन्हीकडे ऋणच येते. तुम्ही एका पुस्तकातील B आणि दुसऱ्या पुस्तकातील सूत्र घेतले, म्हणून +6 आले.

कुंभारवेस

मॅडम, आपण काढलेले ५६ हजार मी स्वतः पुन्हा मोजले आणि आता पटले. पण मग तीनचे तापमान गेलेच असे समजायचे का? दुसरे असे की पुढच्या वेळी स्लॅबला भोके न पाडता केवळ खालून, छताचे तापमान आणि तिथून बाहेर पडणारी उष्णता मोजून वरच्या बाजूचा नकाशा काढण्याचा विचार आहे. त्यासाठी पहाटेपूर्वीची, बऱ्यापैकी स्थिर वेळ घेणार आहे, म्हणजे t चे पद जाऊन `u_xx + u_yy = 0` उरेल. विवेचक −4, आणि जुळे_सोलापूर म्हणाले तसे काळच नसल्यामुळे मागे-पुढे जाण्याचा प्रश्न उरणार नाही.

सातरस्ता

दुसऱ्या प्रश्नाबाबत मी तुम्हाला वेळीच थांबवू इच्छिते. काळ नसणे ही इलिप्टिक समीकरणाची ओळख नव्हे. तिथे कोणतीही दिशा खास नसते, ही खरी ओळख आहे. वार्ता वाहून नेणारी एकही रेषा नसल्यामुळे आतला प्रत्येक बिंदू सभोवतालच्या संपूर्ण सीमेचे एकाच वेळी ऐकतो, आणि म्हणूनच आतले तापमान सीमेवरील सर्वाधिक तापमानाच्या वर कधी जात नाही. असे समीकरण सीमेच्या चहूबाजूंनी एकेक अट मागते. तुम्ही एकाच बाजूला दोन अटी देऊन दुसऱ्या बाजूकडे चालत निघाला आहात. लाटेच्या समीकरणाला अशी माहिती चालते. इथे ती चालत नाही, आणि अदामार यांचे प्रसिद्ध उदाहरण याच प्रकारचे आहे.

तुमच्याच स्लॅबवर मोजू. छतातून बाहेर पडणारी उष्णता जवळजवळ शून्य आहे असे धरले आणि छतावर आडव्या दिशेत λ लांबीचा तापमानाचा चढउतार दिसला, तर वरच्या पृष्ठावर तो `cosh(2πd/λ)` पट असायला हवा, d = 12 सेंटिमीटर. λ जर ६० सेंटिमीटर असेल तर हा गुणक १.९ येतो. तेवढे तुम्हाला नक्की काढता येईल, म्हणजे वर पाण्याची टाकी कुठे आहे हे खालून कळेल. λ १२ सेंटिमीटर असेल तर गुणक २६८ होतो. ६ सेंटिमीटरला तो सुमारे १ लाख ४३ हजारांवर जातो. म्हणून स्लॅबच्या जाडीपेक्षा बरेच मोठे आकार तेवढे मागावेत आणि बारीक आकार गणिताआधीच गाळून टाकावेत. किती गाळायचे ते तुमच्या थर्मोकपलच्या चुकीवरून ठरेल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आनंदाचे आहे. तीनचे तापमान गेलेले नाही. ज्या विझण्यामुळे तुम्हाला मागे येता येत नाही, तेच इथे उपयोगी पडेल. दोन्ही पृष्ठांची नोंद दिवसभराची आहे ना? मग सकाळी नऊला आतले तापमान काहीही धरा आणि पृष्ठांच्या खऱ्या नोंदी देत तीनपर्यंत पुढे चाला. तुमच्या अंदाजातील चूक सर्वांत हळू विझली, म्हणजे ती सारी एका कमानीची असली, तरी सहा तासांत तिचा एक लाखातला तीन भागच उरतो. अंदाज १० अंशांनी चुकला तरी तीन वाजता ती चूक अंशाच्या तीन-दहाहजारांश इतकीच असेल. इथे मात्र जुळे_सोलापूर यांची ७१ सेकंदांची मर्यादा पाळायची.

जुळे_सोलापूर

हे मला सुचायला हवे होते. समीकरण सुरुवात विसरते, म्हणून सुरुवात माहीत नसली तरी चालते.

एमएस्सी_२

बाई, एकाच समीकरणाचा प्रकार जागेनुसार बदलतो, जसे `y u_xx + u_yy = 0` मध्ये, तिथे अटी कुठे द्यायच्या? विवेचक `−4y` येतो, म्हणजे y धन असताना इलिप्टिक आणि ऋण असताना हायपरबोलिक.

सातरस्ता

ट्रिकोमी यांचे समीकरण. y ऋण असलेल्या भागात कॅरॅक्टरिस्टिक `x ± (2/3)(−y)^(3/2) = स्थिर` अशा मिळतात आणि y = 0 वर त्या टोकदार होऊन भेटतात. वरच्या भागात संपूर्ण वक्रावर अट द्यायची आणि खालच्या भागात दोन कॅरॅक्टरिस्टिकपैकी फक्त एकीवर. खाली दोन्हींवर दिली तर माहिती जादा होते आणि सहसा उत्तरच उरत नाही. ध्वनीच्या वेगाच्या आसपासच्या हवेच्या प्रवाहात असे समीकरण येते. पण याची सिद्धता या चर्चेत मावणार नाही.

कुंभारवेस

आज रात्री करून पाहिले. एकदा नऊ वाजता सर्वत्र ३० अंश धरले आणि एकदा वरच्या पृष्ठापासून खालच्या पृष्ठापर्यंत सरळ रेषा धरली. तीन वाजताची दोन्ही उत्तरे तिसऱ्या दशांशापर्यंत जुळली. त्यानंतर तसेच पुढे चारपर्यंत चालत आलो आणि प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिले. चार थर्मोकपल अर्ध्या अंशाच्या आत जुळतात, ४ सेंटिमीटरवरचा मात्र १.३ अंशांनी जास्त दाखवतो.

सातरस्ता

एकच बिंदू वेगळा असेल तर समीकरणापेक्षा त्या जागेवर संशय घ्यावा. सळई किंवा वायरिंगचा पाइप शेजारी आहे का, ते आराखड्यात पाहा. α चुकला असता तर फरक सगळ्याच खोलींवर हळूहळू बदलत दिसला असता. तरीही चार ते आठच्या नोंदी घेऊन, α थोडा कमी-जास्त करून कोणत्या किमतीला एकूण फरक सर्वांत कमी राहतो ते तपासावे.

जुळे_सोलापूर

नोंदींवरून α काढणे हाही उलटाच प्रश्न झाला ना? तोही फुगणार नाही का?

सातरस्ता

संपूर्ण स्लॅबसाठी α एकच धरला तर नाही, कारण अज्ञात एकच आहे आणि नोंदी पुष्कळ. खोलीनुसार बदलणारा α काढायचा म्हटले तर तुमची भीती खरी ठरू शकते. पाच नोंदींवरून त्यातले किती विश्वासाने काढता येईल, हे आकडे समोर आल्याशिवाय मी सांगणार नाही.

कुंभारवेस

आराखड्यात त्या जागी पंख्याच्या हुकाचा बॉक्स दिसतो, पण तो साधारण हातभर अंतरावर आहे. चार ते आठच्या नोंदी उद्या इथे टाकतो.